एकच शब्द तर बदलायचाय!

गावाचं नाव बदललं की पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ होते. संस्थेच्या सचिवांची मात्र धावाधाव.

लोगो करणारा डिझायनर कधीच पुण्याला गेला. फॉन्ट त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर राहिला आणि तो कॉम्प्युटर भंगारात. सचिवांच्या हाती उरली एक एसव्हीजी फाइल. त्यात म्हणे फक्त एक शब्द बदलायचाय.

फक्त!

अशा वेळी एखादा जाणकार उगवतोच. 'इंकस्केपमध्ये अक्षरांचं आउटलाइन करून टाका, फॉन्टची गरजच नाही!' खरंय. छापायला गरज नाही. नवं अक्षर टाइप करायला काय लागतं, ते विचारा की जाणकाराला काम आठवतं.

Path मेनूतल्या Object to Path ने अक्षराचा नुसता आकार उरतो. त्या आकारावर बॅकस्पेस मारून बघा बरं. अख्खं नाव उडेल.

आणि आउटलाइन करायचं कुठे? जिथे फॉन्ट आहे त्याच मशीनवर. फॉन्ट नसेल तर इंकस्केप गुपचूप दुसराच लावतं. मजकूर जुन्या, नॉन-युनिकोड फॉन्टमधला असेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. अशा वेळी घाईने Object to Path दाबलं की तो कालाच आउटलाइन होऊन बसतो. म्हणून आधी शब्दावर Ctrl धरून क्लिक करा आणि खालच्या पट्टीत Text लिहून येतंय की Path, ते वाचा. Path असेल तर जुना डिझायनर शहाणा होता.

मग नवा शब्द आणायचा कुठून? लोगोतूनच. अक्षरं तिथेच पडलेली असतात, बघतो कोण?

समजा, लोगोवर लिहिलंय 'सुधारक शिक्षण मंडळ, उस्मानाबाद'. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. आता नीट बघा. 'सुधारक'च्या पोटात 'धार' आयता बसलाय. काना हवा तेवढा आहे. 'शिक्षण'मध्ये 'शि' आहे, वेलांटीसकट. राहिला 'व'. तो 'उस्मानाबाद'च्या 'ब'मध्ये लपलाय, पोटातली तिरकी रेघ काढली की झालं.

इंग्रजी ट्यूटोरियल इथे दगा देतं. ते सांगतं, Break Apart करा, अक्षरं सुटी होतील. रोमन अक्षरं होतातही. पण आपला शब्द डिझायनरने Union करून एकजीव केला असेल, तर शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. अक्षरं सुटत नाहीत, सुटतात फक्त त्यांच्या पोटातल्या पोकळ्या, आणि त्याही काळ्या ठिक्कर भरून.

म्हणून तोडायचं नाही, कापायचं. Ctrl+D ने शब्दाची नक्कल करा, 'धार'वर चौकोन काढा, दोन्ही निवडून Path मधलं Intersection. चौकोनाबाहेरचं गळून जातं. शेजारच्या 'क'चा तुकडा आत आलाच तर त्याचे नोड पुसा. 'शि' आणि काना असेच कापा.

'ब'चा 'व' करताना नोडचं हत्यार घ्या. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन पोकळ्या असतात. रेघेला लागून असलेल्या त्यांच्या कडा Delete segment ने काढायच्या आणि उघडी टोकं समोरासमोर जोडायची. दोन पोकळ्यांची एक झाली की 'व' तयार. सरकारी राजपत्रापेक्षा लवकर.

वरची ओळ मोठी आणि गावाचं नाव बारीक असेल, तर तुकडे Ctrl धरून लहान करा. फॉन्ट एकच असला की जाडी आपोआप जुळते. वरची ओळ बोल्ड आणि खालची साधी असेल तर मात्र जुळणार नाही. तेव्हा अख्खी खालची ओळच वरच्या अक्षरांतून जुळवा, 'व' वरच्या 'क'चा उजवा आकडा कापून काढा, निदान विजोड दिसणार नाही.

जुळवताना शिरोरेषेच्या वर आणि खाली एकेक गाइड ओढा. तुकडे नुसते टेकवू नका, किंचित एकमेकांवर चढवा आणि मग Union. नुसते टेकवलेत तर रेषेत केसाएवढी पांढरी फट दिसते. पडद्यावर झूम केलं की ती कधी जाते, कधी येते. फ्लेक्सवर आली की कोणाच्या नावाने ओरडायचं?

आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही. हे सगळं नकलेवर. सांगायला नको होतं, पण सचिव वाचताहेत.

आता औरंगाबादच्या मंडळाने हुरळून जाऊ नये. 'सुधारक शिक्षण मंडळ, औरंगाबाद' एवढ्या मजकुरातून 'छत्रपती संभाजीनगर' जुळवून दाखवाच. 'स' आहे, 'ग' आहे, 'र' आहे, अनुस्वारही मिळेल. 'छ' कुठून आणणार? 'त्र', 'भ', 'जी'?

तिथे डिझायनरला फोन लावा. उचलला तर फॉन्टचं नाव विचारा, दर नंतर.