गाडीची प्रॉक्सी

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने केस काळे केले की सोसायटीत कुजबुज होते. गाडीचे दिवे बदलले की होत नाही, अशी माझी समजूत. म्हणून जुन्या हॅचबॅकच्या मागच्या इंडिकेटरमधले आळसट बल्ब काढून लखलखीत पिवळे एलईडी घातले. मागच्या गाडीवाल्याला कळावं की पुढे कुणीतरी बसलंय.

इंडिकेटर दिला आणि गाडी टकटकटकटक करत सुटली. डॅशबोर्डवरचा हिरवा बाणही तिच्याबरोबर थरथरायला लागला. बायको म्हणाली, “हिला धाप लागलीय का?”

धाप नाही, तक्रार होती ती. इंडिकेटरचा साधा बल्ब 21 वॉटचा, म्हणजे 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअर खाणारा. माझा एलईडी तीन वॉटचा, पाव अँपिअरवर तृप्त. फ्लॅशर रिलेला प्रकाश दिसत नाही, त्याला फक्त करंट कळतो. करंट कमी आला की त्याचा निष्कर्ष एकच: बल्ब गेला. मग मालकाला कळावं म्हणून तो लुकलुकण्याचा वेग जवळजवळ दुप्पट करतो. एरवी मिनिटाला 60 ते 120 लुकलुक, ही नियमातली चाल.

त्या टकटकीविषयी जरा बोलायलाच हवं. जुन्या गाड्यांत ती खरी असते: रिलेमधली पत्र्याची जीभ चुंबकाला चिकटते, सुटते, त्याचा आवाज. नव्या गाड्यांत बहुधा रिलेच नसतो, ते काम संगणक मुकाट्याने करतो आणि स्पीकरमधून टकटक नुसती वाजवली जाते. हे कळल्यापासून माझा नव्या गाड्यांवरचा विश्वासच उडाला. मेव्हण्याच्या गाडीत बसलो की मी कान टवकारून ऐकतो आणि म्हणतो, “खोटी आहे.” तो म्हणतो, “काय खोटी?” मी म्हणतो, “टकटक.” हल्ली तो मला गाडीत घेत नाही. पण खरी टकटक म्हणजे टकटक! वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर झोपलो असताना ती ऐकू आली की डोळे न उघडता कळायचं, आपली गल्ली आली. ते इंडिकेटर रात्री अकरालाही द्यायचे, गल्लीत कुत्रं नसलं तरी.

असो. आमच्या इलेक्ट्रिशियनने सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोळीतला एक ठोकळा काढला. लोड रेझिस्टर, 6 ओहम, 50 वॉट. तो एलईडीच्या दोन वायरींमध्ये समांतर जोडायचा, बल्बमागे एक. 12 व्होल्टला 6 ओहममधून दोन अँपिअर वाहतात, रिले खूश, चाल पूर्ववत. कॉलेजात दांडी मारलेल्या पोराच्या नावाने मित्र ‘हजर’ म्हणतो, तसला हा प्रकार.

घरी येऊन हिशेब मांडला. इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या आसपास. म्हणजे उजेडाच्या प्रत्येक लुकलुकीत रेझिस्टर जवळपास 33 वॉट जाळतो. एलईडीचे तीन धरून 36. वीज वाचवणारा एलईडी लावूनही मी 21 वॉटच्या बल्बहून जास्त जाळत होतो, आणि त्यातला बराचसा नुसता उष्णतेसाठी.

ती उष्णता थट्टेची नव्हे. “साहेब, पत्र्यावर स्क्रूने आवळायचा. प्लास्टिकवर नाही, वायरीला टेकून तर नाहीच,” इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं. खंबाटकीत धुक्यामुळे बराच वेळ हॅझर्ड लावून गाडी चालवली, खाली उतरल्यावर डिकीतल्या त्या ठोकळ्याला बोट लावलं आणि चटका बसताच मागे ओढलं.

ज्यांच्या गाडीत सुटा रिले आहे त्यांना याहून सभ्य उपाय आहे: एलईडीसाठीचा फ्लॅशर रिले. तो करंट मोजत बसत नाही, स्वतःच्या घड्याळावर चालतो. मात्र पिना जुळायला हव्यात. संगणकवाल्या गाडीत बदलायला रिलेच नाही. मेव्हण्याने आपल्या तसल्याच गाडीत एलईडी हेडलाइट बसवले, तेव्हा डॅशबोर्डवर ‘बल्ब निकामी’ आलं आणि दिवे फडफडू लागले. संगणक बल्ब तपासायला बारीक झटके पाठवतो, शिवाय काही गाड्यांत वीजही तुकड्यातुकड्यांनी देतो. फिलामेंटला ते जाणवत नाही, एलईडी मात्र प्रत्येक झटक्याला लुकलुकतो. त्यावर डीकोडर. नाव भारदस्त, पोटात बहुधा झटके गिळणारा कपॅसिटर आणि तोच आपला रेझिस्टर. हाही तापतो. काही गाड्यांत स्कॅनर लावून तपासणीच बंद करता येते.

पण एक गोष्ट मला खरंच खुपते. रेझिस्टर लावला की उद्या एलईडी खरोखर मेला तरी करंट वाहतच राहणार आणि गाडी संथपणे टकटकत राहणार. नवा रिले घातला तरी तेच. मागच्या ट्रकवाल्याला वळण दिसणार नाही आणि मला पत्ता लागणार नाही. फुकटात मिळालेला एक प्रामाणिक पहारेकरी मी माझ्या दिमाखापायी गप्प केला.

तेव्हा हे उद्योग केले असतील, तर महिन्यातून एकदा हॅझर्ड लावा, खाली उतरा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. बल्ब गेला तर गाडी आता तुम्हाला सांगणार नाही.