मस्टर वाहून गेलं, मजुरी तरंगली

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी 45 फूट. एवढ्या पाण्यात कागद टिकत नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण आटपाडी, जत, माण, खटाव या तालुक्यांत महापुराचं कौतुक ऐकायलासुद्धा माणसाला एसटीनं जावं लागतं. तिथं एखादं मस्टर गहाळ झालं, तर दोष वाळवीकडे जातो. एकूण नदी असो वा वाळवी, आपल्याकडच्या निसर्गाला दप्तरातलं हजेरीपटाचं पान नेमकं ओळखता येतं, आणि तेही मजुरी वाटून झाल्यावर नि लेखापरीक्षणाची तारीख लागल्यावर. ज्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना राज्याला दिली, त्याच मुलखात ही गोष्ट घडावी हा योगायोग मानू. प्रश्न निसर्गाचा नाहीच. मस्टर गेल्यावर कोण किती दिवस कामावर होतं, हे परत उभं करता येतं का? येतं. फक्त जे चार पुरावे आपण मोठ्या विश्वासानं टेबलावर मांडतो, त्यांतले काही एकाच आईची लेकरं असतात, आणि सख्ख्या भावांची साक्ष दोनदा मोजायची नसते.

सुरुवात पैशापासून करू, कारण सरकारी माणसाचा सर्वांत मोठा भरवसा त्यावरच. समजा, आटपाडीकडच्या एका गावात समतल चर खोदायचं काम एक आठवडा चाललं, दहा मजूर होते. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला 297 रुपये होता. बँकेचा उतारा सांगतो की नऊ जणांना 1,440 रुपये मिळाले आणि एकाला 1,200. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढून 1,440 ला 297 नं भागलं, उत्तर आलं पावणेपाचापेक्षा किंचित जास्त दिवस. म्हणजे नऊ जण पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर एकदमच घरी गेले असणार! पण रोहयोची मजुरी डोकी मोजून मिळत नाही, चर मोजून मिळते. कनिष्ठ अभियंता टेप लावतो, मोजमाप पुस्तिकेत घनमीटर लिहितो, आणि मुरूम कठीण लागला तर दिवसाचा दर 297 वरून 240 वर उतरतो. तेव्हा एका रकमेवरून दिवस काढता येत नाहीत. दोन रकमांचं प्रमाण मात्र बोलतं. 1,440 आणि 1,200 म्हणजे सहास पाच. सहा दिवसांच्या आठवड्यात हे प्रमाण पूर्ण दिवसांत एकाच तऱ्हेनं बसतं : नऊ जण सहा दिवस, एक जण पाच. एकूण 59 मनुष्यदिवस, गुणिले 240, बरोबर 14,160. मोजमाप पुस्तिकेत कामाचं मूल्य तेवढंच असेल, तर हिशोब जुळला.

इथं सभेत टाळ्या पडतात आणि प्रकरण बंद होतं. पण तो उतारा जन्माला आला कुठून? हरवलेल्या मस्टरमधूनच. मस्टरवरचे दिवस संगणकात गेले, तिथून रक्कम निघाली, ती खात्यात आली. उताऱ्यानं मस्टरवर काय लिहिलं होतं हे सिद्ध होतं, ते खरं होतं की नाही हे सिद्ध होत नाही. सरपंचांच्या मेहुण्याचं नाव पुण्यात बसून हजर लागलं असेल, तर त्याच्या खात्यात 1,440 अगदी इमानदारीनं आलेले असतील. वेगळ्या हातानं लिहिलेला पुरावा एकच, मोजमाप पुस्तिका. चर जेवढा खणला तेवढाच खणलेला असतो. त्याला नातेवाईक नसतात. आजही शिवारात जाऊन तो मोजता येतो, गाळानं अर्धा भरला असला तरी. मात्र तो दहा जणांनी खणला की सहा जणांनी, हे त्याला ठाऊक नाही.

मग फोटोकडे वळायचं. 2023 च्या जानेवारीपासून बहुतेक सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणं सक्तीचं झालं, वेळ आणि ठिकाणाच्या शिक्क्यासह. आता कोण खोटं बोलणार, असं वाटलं. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की फोटोचा फोटो काढून चढवला जातो, कामाशी संबंध नसलेली चित्रं जातात, मस्टरवरची डोकी आणि फोटोतली डोकी जुळत नाहीत. ठिकाणाचा शिक्का खरा, कारण भ्रमणध्वनी तिथं होता. माणसं मात्र कागदावरची. तेव्हा फोटो उपयोगाचा नाही असं नव्हे, तर त्याला वेगळा प्रश्न विचारायचा. सकाळ-दुपारच्या सावल्या वेगवेगळ्या दिशेला पडल्यात का? सोमवारी गुडघाभर असलेला चर शुक्रवारी कंबरेला आला का, की पाच दिवस तोच खड्डा आणि त्याच लुगड्याची तीच घडी? आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नको, कारण तिथून येताना छायाचित्राच्या पोटातली वेळ-तारीख गळून पडते. ज्या फोनमध्ये काढला, त्यातलीच मूळ फाइल हवी.

संदेशांचंही तसंच. ‘उद्या आठला कामावर या’ हा ग्रामरोजगार सेवकाचा संदेश दाखवून हजेरी मागणाऱ्यांनी लग्नपत्रिका दाखवून जेवणाचं बिल मागावं. निमंत्रण म्हणजे उपस्थिती नव्हे. खरा मोलाचा संदेश उलटा असतो : ‘आज येत नाही, पोराला ताप आहे.’ लिहिणाऱ्याचं एका दिवसाचं नुकसान करणारा मजकूर कोणी मुद्दाम रचत नाही. आपल्या 1,200 वाल्या मजुराचा असा संदेश ज्या दिवशीचा निघेल, तो त्याचा सहावा दिवस. हे कोर्टापर्यंत गेलंच, तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. जालन्याच्या निवडणूक वादात, 2020 च्या खोतकर-गोरंट्याल निकालात, सर्वोच्च न्यायालयानं इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच असं ठरवलं. तो वाददेखील, गंमत बघा, अर्ज वेळेत आले की उशिरा याचाच होता.

राहिले साक्षीदार. आक्षेप ठरलेला : गावची माणसं एकमेकांची भलामण करणार. करतात, जर पारावर सगळ्यांना एकत्र उभं करून ‘हा होता ना रे?’ असं विचारलं तर. वेगवेगळं बसवून, तारखेऐवजी बेंदूर किंवा आठवडी बाजार धरून विचारावं : त्या दिवशी तुझ्या शेजारी टिकाव कोणाचा चालू होता, पाटी कोण उचलत होतं? खोट्या हजेरीवाल्याच्या शेजारी कोणीच नसतं. मेहुणा इथं सापडतो. बँकेत नाही, ॲपवर नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. एवढं करूनही काही दिवस अंधारात राहणारच. त्यांची मजुरी धरली, तर तिजोरीला खड्डा नाही का? पण त्या अंधाराला जबाबदार कोण? वही ज्याच्या ताब्यात, हरवली त्याच्याकडून. औद्योगिक कायद्यात मात्र वर्षात 240 दिवस भरल्याचं सिद्ध करायचं ओझं मजुरावर असतं. 2002 च्या हदिमनी खटल्यात त्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र अपुरं ठरलं. येल्लट्टी खटल्यात नोकरी देणाऱ्या खात्यानं काहीच काळाची मस्टरं काढली, मजुराकडे अधिकाऱ्याचा दाखला होता, तेव्हा मजूर जिंकला. म्हणजे वही सांभाळणारा वही हरवूनही निर्धास्त, आणि ज्याला तिच्यावर फक्त अंगठा उमटवायला मिळाला, त्यानं आपला कागद जपलेला असावा अशी अपेक्षा.

तो कागद कायद्यानं त्याला दिलेलाही आहे. त्याचं नाव जॉबकार्ड. कामाचे दिवस आणि मजुरी त्यात लिहायची, आणि ते मजुराच्या घरीच राहायला हवं, ही हजेरीची दुसरी वही दुसऱ्या घरात असावी एवढ्यासाठीच. पुष्कळ गावांत मात्र कार्डं मजुरांकडून हरवू नयेत म्हणून काळजीपोटी गोळा केली जातात आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली जातात, मस्टरच्याच खालच्या कप्प्यात.