अंगठा ते अंगठा

चऱ्होलीत घर भाड्याने घ्यायचं तर अंगठा लागतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन दारात येतो, चहा उकळेपर्यंत मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदारांचे अंगठे घेतो आणि अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवून मोकळा होतो. घर सोडताना मात्र असं कुठलंच यंत्र लागत नाही. त्या दिवशी मालक आपणहून अंगठा दाखवतो.

आमचा करार २० जून २०२५ ला संपत होता. भाडं सोळा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. आता १९ जूनला संध्याकाळी माउलींच्या पालखीचं आळंदीतून प्रस्थान आणि २० ला पालखी पुण्याच्या वाटेवर. त्या दोन दिवसांत आळंदी रस्त्यावर सामानाचा टेम्पो आणायची कल्पना फक्त बाहेरगावच्या माणसालाच सुचू शकते. म्हणून आम्ही १७ ला सामान हलवायचं ठरवलं आणि १८ ला किल्ली द्यायचं. मालककाकांना फोन केला. काका म्हणाले, "अहो, किल्ली वॉचमनकडे ठेवून जा. डिपॉझिट आठवड्याभरात टाकतो. तुम्ही काय, घरचेच!"

पुणे जिल्ह्यात 'घरचेच' हा शब्द ऐकला की माणसाने आधी खिसा चाचपावा.

या व्यवहारात भाडेकरूच्या हातात एकच हुकमाचं पान असतं, ते म्हणजे किल्ली. पन्नास हजार काकांकडे, करारावरची सही काकांकडे, पुढचा भाडेकरूही काकांच्या दारात उभा. आपल्याकडे काय, तर नाइट लॅचच्या तीन किल्ल्या. त्या वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या की आपण भाडेकरू राहत नाही, अर्जदार होतो. यावर आमच्या ऑफिसातल्या एका वीराचा सल्ला असा, की पैसे येईपर्यंत किल्ली दाबूनच ठेवायची. हा वीर स्वतःच्या घरात राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही, तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. आमच्या सोळा हजारांच्या हिशेबाने २१ जूनपासून दिवसाला हजाराच्या वर. म्हणजे किल्ली ही वस्तू दुधासारखी आहे. तारखेपर्यंत तिला भाव, तारीख उलटली की ती आपल्यालाच बाधते.

तेव्हा मार्ग एकच उरला. मुदतीच्या आत, रिकाम्या घरात, एकाच बैठकीत रीडिंग, हिशेब, पैसे, कागद आणि सगळ्यात शेवटी किल्ली. काकांना सांगितलं, "काका, तुम्ही आल्याशिवाय बरं वाटणार नाही. निरोपाचा चहा तरी होऊ दे." चहाला काका नाही म्हणत नाहीत. आले, आणि येताना इंजिनिअर चिरंजीवांनाही घेऊन आले.

पहिला मुक्काम पार्किंगमधली मीटररूम. काकांचं गणित तयारच होतं. "मागच्या महिन्यात १८० युनिट, म्हणजे सतरा दिवसांचे शंभर-सव्वाशे धरू." मीटर दहा पावलांवर असताना अंदाज धरायचा, हे पत्रिका हातात असताना मुहूर्त काकांनाच विचारण्यासारखं झालं. महावितरणच्या मीटरचा पडदा सतत बदलत राहतो. कधी तारीख, कधी वेळ, कधी व्होल्टेज, कधी कमाल मागणी. आपल्याला हवा असतो तो kWh लिहिलेला आकडा. शेजारी kVAh नावाचा त्याचा चुलतभाऊ येऊन जातो, तो जवळजवळ तेवढाच दिसतो, त्याला फोटोत घेऊ नये. आणि आकड्यासोबत मीटरचा क्रमांकही त्याच फोटोत आला पाहिजे. नाहीतर तो फोटो कुणाच्याही मीटरचा असू शकतो.

कुणाच्याही म्हणजे अक्षरशः कुणाच्याही. मीटरवर फ्लॅट नंबर पेंटने लिहिलेले असतात आणि ते लिहिणारा माणूस संध्याकाळी घाईत असतो. खात्री करायची तर घरातला मेन स्विच पाडायचा आणि मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा थांबतो का ते पाहायचं. आमचा थांबला. शेजारच्या विंगमधल्या एका सज्जनांचा थांबला नव्हता. ते वर्षभर समोरच्यांच्या एसीचं बिल भक्तिभावाने भरत होते. ही परीक्षा खरं तर राहायला येण्याच्या दिवशी द्यायची असते. पण त्या दिवशी आपण दूध उतू घालत असतो.

१ जूनच्या बिलावर रीडिंग ४८२३, आज ४८८७. युनिट ६४. आम्ही आठवडाभर गावी होतो, हे काकांच्या अंदाजाला कुठून कळणार? आता दर कोणता लावायचा, यावर चिरंजीव सरसावले. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्यांचा चढा, हे त्यांना ठाऊक होतं. "स्वस्तातले शंभर नव्या भाडेकरूला ठेवू, तुम्हाला वरचा दर." मी निमूटपणे मागचं बिल पुढे केलं. १८० युनिटांचे १८९० रुपये, त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं आलं. म्हणजे सरासरी युनिटला साडेदहा रुपये. ६४ युनिटांचे ६७२. महिन्याचं खरं बिल आल्यावर युनिटांच्या प्रमाणात वाटून घेणं जास्त बिनचूक, पण ते बिल जुलैत येणार आणि जुलैत काका फोन उचलतील याची हमी कुठलाच कायदा देत नाही. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी शून्य असल्याचंही ॲपवर त्यांना दाखवलं. बिल काकांच्या नावावर, भरत होतो आम्ही. असला पुरावा पुढे कधी मिळत नाही.

गॅसचा मीटर स्वयंपाकघरात. चिरंजीवांनी वाकून मोठ्याने वाचलं, "चार लाख बारा हजार तीनशे शहाऐंशी!" काकांच्या डोळ्यांत पन्नास हजार विरघळलेले मला दिसले. पाइप गॅसच्या मीटरवर काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर आणि लाल आकडे दशांश. ००४१२ काळे आणि ३८६ लाल, म्हणजे ४१२. मागच्या बिलावर ३९८, फरक चौदाचा, बिलाच्या सरासरीने ७०० रुपये. हे बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून घर सोडताना त्याची आठवण सहसा मालकालाच राहते, आणि तीही आपण दुसरीकडे गॅस पेटवल्यावर.

पाण्याला मात्र आम्ही हात लावला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिका दिवसाआड पाणी देते आणि उरलेलं टँकर देतो. त्याचं रीडिंग घ्यायचं तर टँकरवाल्याच्या चेहऱ्यावरूनच घ्यावं लागेल. सोसायटी ते मेंटेनन्समध्ये लावते.

मेंटेनन्सवरून आठवलं. आदल्या दिवशी, १७ ला, गेटवर आमचा टेम्पो अडला होता. सिक्युरिटी म्हणाला, "फ्लॅटचे दोन महिने बाकी दिसतात, सेक्रेटरीसाहेबांची एनओसी आणा." बाकी काकांची. आम्ही भाड्यात मेंटेनन्स धरून दर महिन्याला भरत होतो. तो पुढे सोसायटीपर्यंत पोहोचला की मध्येच वारीला गेला, हे आम्हाला कसं कळणार? घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्कसुद्धा मालकाचंच असतं, आणि राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण गेटवर हे वाचून दाखवत उभं राहिलो असतो तर टेम्पोवाल्याचं वेटिंग त्याहून जास्त झालं असतं. काकांना तिथूनच फोन लावून सेक्रेटरींच्या हाती दिला. काकांनी उभ्या उभ्या पैसे टाकले आणि गेटपास मिळाला. शहाण्याने ही एनओसी आठ दिवस आधी मागावी. मी शहाणा नव्हतो.

मग रंग. काकांनी भिंतीवरून हात फिरवला आणि बारा हजार म्हणाले. हॉलमध्ये कॅलेंडरचा एक खिळा होता, त्याकडे त्यांनी खून झालेल्या जागेकडे पाहावं तसं पाहिलं. मी करार उघडला. त्यात काकांच्याच एजंटने लिहिलं होतं, की नैसर्गिक झीज वगळून घर होतं त्या स्थितीत परत द्यावं. होतं ती स्थिती आमच्या हिच्या मोबाइलमध्ये होती. राहायला आलो त्या दिवशी रिकाम्या घराचा चार मिनिटांचा व्हिडिओ हिने काढून ठेवला होता. त्यात बाथरूममधली ओल आमच्याआधीपासून नांदताना दिसत होती. काका व्हिडिओ पाहून बराच वेळ गप्प होते. शेवटी तुटलेल्या नळाचे साडेचारशे ठरले. ते खरंच आमचे होते.

६७२, ७०० आणि ४५०. एकूण १८२२. परत यायचे ४८,१७८.

"झालं तर मग, रात्री टाकतो," काका उठले. हिने हळूच कागद पुढे सरकवला, दोन प्रती. त्यात फ्लॅटचा क्रमांक, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, विजेचं आणि गॅसचं रीडिंग मीटरच्या क्रमांकासह, दाराच्या तीन, लेटरबॉक्सची एक आणि पार्किंगचा एक टॅग अशी मोजणी, डिपॉझिटची रक्कम, कपातीच्या तीन ओळी, परत केलेली रक्कम आणि शेवटी एकच वाक्य: "यापुढे परवानाधारकाकडून भाडे, वीज, गॅस, मेंटेनन्स वा दुरुस्तीपोटी माझे कोणतेही येणे बाकी नाही." रकमेपुढे बँकेच्या व्यवहार क्रमांकाची जागा मुद्दाम कोरी ठेवली होती. ती भरल्याशिवाय कागद पुरा होत नव्हता आणि कागद पुरा झाल्याशिवाय किल्ल्या माझ्या खिशातून निघत नव्हत्या.

"एवढं कशाला लिहून? मी व्हॉट्सॲपवर अंगठा टाकतो की!" काका म्हणाले.

तो अंगठा कशाला होता? हिशेब पाहिला म्हणून, हिशेब पटला म्हणून, की सुप्रभातच्या फुलाला? न्यायाधीशाला सोडा, आपल्या सासूलासुद्धा तो समजावून सांगता येत नाही. मी म्हटलं, "काका, हे आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. उद्या आम्हीच उलटून म्हणालो, की डिपॉझिट मिळालं नाही, तर?" हा विचार काकांना एकदम पटला. भाडेकरूवर अविश्वास दाखवायची संधी मिळताच त्यांनी स्वतःहून पेन मागितलं.

८ वाजून १२ मिनिटांनी पैसे आले, व्यवहार क्रमांक लिहिला, सह्या झाल्या. किल्ल्या मी एकेक मोजून हातात दिल्या आणि हातात किल्ल्या घेतलेल्या काकांचा फोटोही काढला. काका छान हसले.

पुढचा भाडेकरू १ जुलैला आला, भाडं अठरा हजार. घराला रंग दिलेला नाही. हॉलमधला आमचा खिळा जिथे होता तिथेच आहे, आणि त्यावर आता त्यांचं कॅलेंडर आहे.