रिकाम्या रकान्याचा गुन्हा

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर साप्ताहिक नियोजनाचे तयार नमुने फिरू लागतात. रंगीत चौकटी, वर सरस्वती, कोपऱ्यात कुठल्या तरी भलत्याच जिल्ह्याचं नाव. सहा वार, आठ तासिका, आणि प्रत्येक रकाना काठोकाठ भरलेला. गेल्या वर्षीच्या अशाच एका नमुन्यात शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५ रोजी पाचव्या तासिकेला 'गणित : पुनरावृत्ती' होती. झेंडावंदन उरकून, जिलबी खाऊन मुलांनी पाढे म्हणायचे असणार.

असा नमुना छापून, वहीत चिकटवून, खाली सही केली की नियोजन झालं. निदान तपासणीपुरतं तरी झालंच. आठवडा मात्र तो नमुना वाचून येत नाही. सोमवारी पोषण आहाराचा तांदूळ येतो आणि पोती मोजून घ्यावी लागतात. मंगळवारी कुठली तरी ऑनलाइन माहिती 'आज दुपारी बारापर्यंत' हवी असते. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाला तीनच अशैक्षणिक कामं लावता येतात, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. नमुन्यात या तिन्हींसाठी ओळ नाही. कायद्यात न बसणाऱ्या बाकीच्या कामांसाठी तर नाहीच नाही. मग बुडालेला गणिताचा तास भरून काढायचा कुठून? बुधवारी दुपारी चित्रकला आहे ना!

वेळापत्रकातली चित्रकला म्हणजे गावचं गायरान. मालक कुणी नाही, त्यामुळे अतिक्रमण कुणीही करावं. आधी गणित शिरतं, मग इंग्रजी, मग चाचणीची तयारी. कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण ही त्याच्याच शेजारची जमीन. गंमत पुढे आहे. सत्राच्या शेवटी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. मग जूनपासून ज्यानं रंगपेटी उघडलेली नाही, त्याच्या नावापुढे 'चित्रात सुंदर रंग भरतो' असं लिहिलं जातं. आणि ज्या पोरीला मैदान फक्त खिडकीतून दिसलं, ती 'खेळात उत्साहाने सहभागी होते'.

एक खरीखुरी अवघड जागा घेऊन बघू, द्विशिक्षकी शाळेची. पहिली-दुसरी एका गुरुजींकडे, तिसरी-चौथी एका बाईंकडे. समजा बाईंच्या खोलीत तिसरीची दहा आणि चौथीची बारा मुलं आहेत. शाळा साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका, शनिवारी चार, म्हणजे आठवड्याला ४४ रकाने. तयार नमुना हे रकाने दोन वर्गांसाठी दोनदा भरतो आणि मंगळवारच्या पहिल्या तासिकेला तिसरीलाही नवा घटक देतो, चौथीलाही. बाई एकच आहेत, ही बारीकशी बाब नमुना करणाऱ्याच्या ध्यानात राहिलेली नसते.

म्हणून बाईंच्या कामाच्या नमुन्यात विषयाच्या नावाच्या आधी एक खूण हवी, 'बाई' किंवा 'आपले आपण'. चाळीस मिनिटांची तासिका वीस-वीसची. पहिली वीस मिनिटं चौथीपुढे 'बाई', तेव्हा तिसरीपुढे 'आपले आपण', मग अदलाबदल. एकाच वेळी दोन्ही वर्गांपुढे 'बाई' आलं, की तो रकाना खोटा आहे हे रविवारी रात्रीच कळतं, मंगळवारी सकाळी कळण्याची गरज उरत नाही. 'आपले आपण'मध्ये नवा धडा टाकायचा नाही. तिथे आधी शिकवून झालेल्याचंच काम द्यायचं, ओळखीच्या धड्याचं जोडीनं वाचन किंवा कालच्याच जातीची उदाहरणं. दहाव्या मिनिटाला तिसरीतली पोरं 'बाई, पुढं काय?' विचारायला रांग लावू लागली, तर काम चुकीचं निवडलंय एवढं समजावं. दोष पोरांचा नाही.

ही खूण करायला बसलं की एक गोष्ट आपसूक दिसते. ४४ रकान्यांत असे काही रकाने आहेत जिथे बाईंचे दोन तुकडे करावे लागत नाहीत. चित्रकला, गाणी, मातीकाम, खेळ. इथे तिसरी-चौथी एकत्र बसते, एकच सूचना दोघांना चालते, थोरली धाकट्यांना दाखवतात. म्हणजे बहुवर्ग शिक्षकाला ज्या तासात श्वास घेता येतो, तोच तास आपण सगळ्यात आधी गिळतो. कलेवर प्रेम नसेल तर नसू द्या, निदान स्वतःच्या घशावर तरी असावं!

या तासांची जागाही नीट ठरवायला हवी. नमुन्यात चित्रकला हमखास शेवटच्या तासिकेला किंवा शनिवारी. शेवटच्या तासिकेला अर्धी मुलं दप्तर भरून बसलेली, आणि आधीचं जे लांबलं ते सगळं इथेच येऊन आदळतं. शनिवारी दिवस आखूड, शिवाय बैठका ठरलेल्या. शासनानं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला तो चांगल्या हेतूनं. पण आनंदाचा वार ठरला की उरलेल्या पाच वारी त्याची सक्ती नाही असा सोयीचा अर्थ काढणारेही निघाले. जलरंगाला तर एक तासिका पुरतच नाही. कागद वाटणं, पाणी आणणं यात दहा मिनिटं, ब्रश आणि फरशी धुण्यात दहा, उरली वीस. त्यामुळे एक आठवड्याआड बुधवारी, जेवणानंतरच्या दोन तासिका जोडून घ्याव्यात. मधल्या आठवड्यात तेच दोन रकाने सुटे करून एकात पेन्सिलीचं चित्र, दुसऱ्यात मातीकाम. फरशी पुसायला पोरं स्वतःहून पुढे येतात, फळ्यावरचं उत्तर पुसायला येत नाहीत, हे जाता जाता.

बाजारच्या दिवसाचंही तसंच. गावाला गुरुवारी आठवडी बाजार असेल तर त्या दिवशी पट गळतो, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. नमुन्याला नाही. त्या दिवशी भागाकाराचा श्रीगणेशा केला तर शुक्रवारी तो पुन्हा करावा लागतो. परिसर अभ्यासातली माणसं, धान्य, वजनमापं त्या दिवशी वेशीबाहेर आयती येऊन बसलेली असतात. वर्ग तिकडे न्यावा, भाव विचारून यावेत, परत येऊन हिशेब करावा. उपक्रमाची तासिका अशी वापरली की हजेरीही बरी लागते.

आता पुनरावृत्ती. तयार नमुन्यात तिला शुक्रवारची शेवटची जागा, 'आठवड्याची उजळणी'. हा नेमधर्म फार जुना, आणि फार फोल. सोमवारी शिकवलेलं शुक्रवारी विचारलं तर बहुतेकांना येतं. बाई खूश, वही खूश. महिन्यानं तेच विचारावं, मग चेहरे बघावेत. उजळणीला अख्खा रकाना देऊच नये. गणिताच्या प्रत्येक तासिकेतली पहिली दहा मिनिटं द्यावीत. वर्गवार पाच-पाच उदाहरणं फळ्यावर, दोन कालची, दोन गेल्या आठवड्यातली, एक महिन्यापूर्वीचं. उत्तर पाटीवर, पाट्या वर. बाई फक्त चुकलेल्यांची नावं टिपतात. बरोबर आलेल्यांची यादी करायला वेळ कुणाला आहे?

पाचवं उदाहरण सगळ्यात बोलकं असतं. तिसरीच्या फळ्यावर ५२ वजा २७ आहे. दहा पाट्या वर होतात आणि त्यातल्या सहांवर ३५. हे विसरणं नव्हे. मुलांनी एककातल्या दोनातून सात जात नाहीत असं पाहून सरळ सातातून दोन वजा केले, पाच लिहिले, मग पाचातून दोन, तीन. प्रत्येकानं मोठ्यातून लहान काढायचा नियम इमानेइतबारे पाळला. अशा मुलांना आणखी वीस उदाहरणं दिली तर ती वीस वेळा तसंच चुकतील, आणि वहीत 'भरपूर सराव घेतला' अशी नोंद होईल. इथे काड्या काढाव्या लागतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या, आणि सात सुट्या मागितल्यावर एक गठ्ठा सोडावाच लागतो हे हातानं करून बघणं. ते व्हायला अख्खी तासिका लागते. ती आणायची कुठून?

रिकाम्या रकान्यातून. ४४ पैकी दोन रकाने कोरे ठेवावेत, एक मंगळवारी, एक शुक्रवारी. मराठीला ११, गणिताला १०, परिसराला ७, इंग्रजीला ६, कला-कार्यानुभव-खेळ मिळून ८, अशी वाटणी केली की दोन उरतात. आकडे शाळेप्रमाणे हलतील, कोऱ्या दोनांना हात लावू नये. नियम साधा ठेवावा. तीन-चार मुलं चुकली तर त्यांना 'आपले आपण'च्या वेळात जवळ घ्यायचं. निम्म्याहून जास्त चुकली तर कोरा रकाना वापरायचा आणि तोवर दुसऱ्या वर्गाला वाचन द्यायचं. तांदळाच्या पोत्यांनी खाल्लेली तासिकाही इथेच भरून काढायची. दोन्ही कोरे संपले आणि तरी काही राहिलं, तर ते त्याच विषयाच्या पुढच्या आठवड्यात जातं. चित्रकलेकडे जात नाही. लागोपाठ तीन आठवडे दोन्ही कोरे शनिवारच्या आत संपत असतील, तर अभ्यासक्रम फार वेगानं रेटला जातोय, नाहीतर वाटणी चुकलीय. महिनाभर दोन्ही कोरेच राहत असतील, तर पाट्या कुणी बघत नाहीये.

कायदा आड येत नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे सरासरी दिवसाला चार तास, एवढंच तो मागतो. साडेदहा ते पाचच्या शाळेत जेवण, परिपाठ, सुट्टी वजा करूनही पाचाच्या आसपास तास मिळतात. तेवढ्यात दोन कोरे रकाने आरामात मावतात. मावत नाहीत ते तपासणीत.

'काय हो मॅडम, मंगळवारची सहावी तासिका कोरी?'

'राखून ठेवलीय सर. काही राहिलं तर घ्यायला.'

'काही राहणार, हे आधीच गृहीत धरलंत? मग नियोजन कसलं? आणि हे सगळं पेन्सिलनं का लिहिलंय?'

'बदलावं लागतं सर, म्हणून.'

'शाईनं लिहा. आणि कोरं काही ठेवू नका, वर दाखवावं लागतं.'

बाईंनी तेव्हापासून दोन वह्या केल्या आहेत. शाईची कपाटात असते, चौकटी भरलेली, लाल सहीची. पेन्सिलची टेबलावर.