घंटी वाजली अन् मानूस पडला

माझ्या मामांना गेली तीस वर्षं एक खून छळतो आहे. खून त्यांनी केलेला नाही, त्यांच्या घरातही झालेला नाही. तो दूरदर्शनवर झाला. खुनी कोण हे कळायच्या आत आमगावची लाइन गेली आणि ती परत आली तेव्हा पडद्यावर शेतीचा कार्यक्रम चालू होता. त्यानंतर मामा भातगिरणीत दिवाणजी म्हणून निवृत्त झाले, भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, मुलींची लग्नं झाली. खून तसाच राहिला.

गेल्या पावसाळ्यात मी गोंदियाहून भेटायला गेलो, तेव्हा माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून मामा म्हणाले, "याच्यात सारं भेटते म्हंते ना बापू? मंग माहा तो भाग काहाडून दे."

"कोणता भाग?"

"घंटी वाजली अन् मानूस पडला. त्यानं काटा काहाडला ना बा त्याचा."

एवढंच. सिरियलीचं नाव नाही, नट नाही, साल नाही. मी आणखी खोदलं तर मामांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. समोरच्या घरातल्या भाऊजींना विचारू का म्हटलं, तर मामांचा चेहरा आंबट झाला. "त्याले काई विचाराचं नाई. थापाड्या आहे तो."

मी हसून हो म्हटलं. तिथेच चुकलो.

मामांचा पहिला अंदाज 'करमचंद'. गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची किटी कोण विसरेल? मी सलग तीन रात्री करमचंदला दिल्या. वेळ वाचावा म्हणून दुप्पट वेगाने बघितलं, आणि हा दुसरा मूर्खपणा. तुम्हाला आठवत असलेली गोष्ट डोळ्यांची असेल, म्हणजे कंदील, लाल साडी, तुटलेला चष्मा, तर भाग पळवत बघता येतो; डोळा धावत्या चित्रातूनही नेमकी वस्तू उचलतो. पण मामांची आठवण कानाची होती. कानाची आठवण पळवत शोधता येत नाही. दहा-दहा सेकंदांनी पुढे उडी मारली की घंटी नेमकी त्या उडीत सांडते, आणि दुप्पट वेगात तर सगळेच आवाज घंटीसारखे लागतात. किटीसुद्धा.

शिवाय कसली घंटी? आमच्या भागात दाराची घंटी, फोनची घंटी, शाळेची घंटी, देवळातली घंटी, सगळ्याला घंटीच म्हणतात. मी फोन आणि दार या दोन घंट्यांच्या मागे होतो, आणि हेरांच्या मालिकेत दर पाच मिनिटांनी यातलं काहीतरी वाजतंच.

चौथ्या दिवशी हार मानून पुन्हा आमगावला गेलो. या वेळी 'काय आठवतं?' हा प्रश्न सोडून दिला, कारण त्याला उत्तर ठरलेलं होतं. त्याऐवजी विचारलं, "तेव्हा तुम्ही बसला कुठं होता?"

मामा लगेच खुलले. टीव्ही कपाटावर, खाली मामा, दारात मामी तांदूळ निवडत. टीव्ही कोणता? महाभारतासाठी घेतलेला. आता महाभारत सुरू झालं ऑक्टोबर १९८८ मध्ये, आणि करमचंद आला होता १९८५ साली. तेव्हा मामांच्या घरी टीव्हीच नव्हता. माझ्या तीन रात्री त्या टीव्हीने पाण्यात घातल्या. (पुनःप्रक्षेपण असू शकतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर चौथी रात्रही गेली असती.)

मग मामी आतून म्हणाल्या, "तो धोतरवाला होता जी. घरात सारखा चहा होत होता त्याच्या. एक नोकर होता."

सत्तरीच्या बाईने तीस वर्षांपूर्वीचा चहा लक्षात ठेवला होता. मामींची आठवण नेहमी स्वयंपाकघरातून येते, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवावा. चहात खोटं सांगायचं काही कारण नसतं. धोतर म्हटल्यावर १९९४ची 'तहकीकात'ही गेली, विजय आनंद आणि सौरभ शुक्ला दोघेही पँटवाले. धोतर, चहा आणि नोकर असा हेर दूरदर्शनवर एकच: 'ब्योमकेश बक्शी'. बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि चहा आणणारा पुंटीराम. पहिले भाग १९९३चे.

मालिका सापडली, भाग कुठे होता? तीसहून जास्त भाग, आणि बहुतेकांत कोणीतरी मरतं. मी मामांना म्हटलं, घंटी वाजवून दाखवा. तोंडाने नको, आवाज कसा आला ते हाताने दाखवा.

मामांनी डोळे मिटले. उजवा हात पोटासमोर आला, मूठ वळली, जणू काहीतरी धरलं आहे. मग अंगठा एकटाच हलला, खाली, वर, खाली. "ट्रिन्-ट्रिन्."

तोंडाला तीस वर्षं जे सांगता आलं नव्हतं, ते त्या अंगठ्याने सांगितलं. ती सायकलची घंटी होती. मामा चाळीस वर्षं सायकलने गिरणीत गेले आहेत. आवाज ऐकताना त्यांच्या अंगठ्याने ती ओळखली होती, फक्त वरिष्ठांना कळवलं नव्हतं.

मी मोबाइलवर टाइप केलं:

`byomkesh cycle ghanti`

उत्तरात सायकलच्या घंट्याच विकायला आल्या, पितळी, दोन आकारांत. कारण भागांची नावं त्यातल्या वस्तूवरून ठेवलेली नसतात. शिवाय भागाचं वर्णन लिहिणारा माणूस खुनाचं हत्यार वर्णनात लिहीत नाही, लिहिलं तर बघणाऱ्याची मजाच जाते. म्हणजे प्रेक्षकाच्या डोक्यात जे सगळ्यात घट्ट बसतं, नेमकं तेच यादीत नसतं. आणि क्रमांकांवर तर जाऊच नये. एकच भाग एका ठिकाणी दुसरा, दुसऱ्या ठिकाणी तिसरा, कुठे अर्धा कापून 'भाग १, भाग २'.

तेव्हा मालिका सोडून गोष्टीकडून जायचं ठरवलं. ब्योमकेश हा शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथांतला माणूस, आणि आपल्या जिल्ह्यात बंगाली माणूस शोधायला कोलकात्याला जावं लागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्या लोकांच्या वसाहती आहेत, तिथली मासळी मी अनेकदा घेतली आहे. एका लग्नासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा वसाहतीतल्या एका निवृत्त मास्तरांना मांडवातच गाठलं. म्हटलं, सायकलची घंटी वाजते आणि माणूस मरतो.

मास्तरांनी हातातला रसगुल्ला खाली ठेवला नाही. "अरे, ओ तो पथेर काँटा!"

"म्हणजे?"

"वाटेतला काटा."

मी गप्प झालो. मामा पहिल्या दिवसापासून काय म्हणत होते? त्यानं काटा काहाडला. मला वाटलं ते बोलण्याची रीत म्हणून म्हणतायत, आपण मराठीत म्हणतो तसं, अमक्याने तमक्याचा काटा काढला. पण ते चक्क भागाचं नाव सांगत होते. हिंदी मालिकेत 'रास्ते का कांटा', मराठी कानात 'काटा', आणि माझ्या कानात नुसता वाक्प्रचार. त्यांच्या एका वाक्यात दोन खुणा होत्या. एकीच्या मागे मी तीन रात्री घालवल्या आणि दुसरी रोज ऐकून सोडून दिली.

नावाचं कारणही मास्तरांनी सांगितलं. गोष्टीत वर्तमानपत्रात एक जाहिरात येत असते. कोणाला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल, तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला एका ठरलेल्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. भागातली सगळ्यात मोठी गोष्ट ही जाहिरात, घंटी तिच्यामागून येते. शरदिंदूंनी ही कथा १९३२ साली लिहिली, ब्योमकेशच्या पहिल्यांपैकी एक. पुढे ते मुंबईत सिनेमात आले आणि शेवटची जवळजवळ वीस वर्षं पुण्यात राहिले.

हे मी नंतर मामांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पुन्यात? मंग बरोबर आहे. काटा काहाडाले तिथूनच शिकला असन."

असो. नाव मिळाल्यावर भाग दोन मिनिटांत सापडला. रविवारी मामांच्या घरी मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला. मामा अगदी समोर, मामी दारात. या वेळी निवडायला शेंगा होत्या. भाग पळवायचा नाही असं आधीच ठरलं होतं.

ब्योमकेश आला, अजित आला, पुंटीरामचा चहा आला. "पहा," मामी म्हणाल्या. रस्त्यात माणसं मरत होती, छातीत एक बारीकसं छिद्र आणि आत ग्रामोफोनची पिन. एका बाबूंचा जीव वाचला, कारण पिन त्यांच्या खिशातल्या घड्याळाला लागली. मामांनी आपल्या खिशावर हात ठेवला. खिशात तपकिरीची डबी होती.

मग घंटी. ट्रिन्-ट्रिन्. मामांचा अंगठा हलला.

कशात काय होतं ते मग कळलं. घंटीच्या आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगमधून सुटणारी पिन. रस्त्यावर सायकलवाला घंटी वाजवतो तेव्हा लोक बाजूला होतात, त्याच्याकडे बघत कोणी नाही. आवाज घंटीचा म्हणून गोळीचा संशय नाही. खुनीही दिसला, शेवटी तोंडावर उजेड पडून, अगदी स्पष्ट. तीस वर्षांनी.

मामा काहीच बोलले नाहीत. मी वाट बघत होतो की आता सुटकेचा सुस्कारा येईल. आला नाही.

मामी शेंग सोलताना म्हणाल्या, "म्हंजे समोरचे भाऊजी खरंच बोलत होते."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"रस्त्याच्या पलीकडची लाइन दुसऱ्या डीपीवर होती ना बापू. त्यांची गेलीच नोती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन सांगून गेले, घंटीतून पिन सुटते म्हून. तर हे म्हनाले, थापा मारू नको, घंटीनं कोनी मरते का. तेव्हापासून ते आपल्या घरी टीव्हीचं बोलत नाई."

म्हणजे खून कसा झाला, हे मामांना दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मी करमचंदच्या तीन रात्री, दोन खेपा आमगावच्या आणि एक लग्न खर्च केलं ते समोरच्या माणसाला खोटं ठरवण्यासाठी.

पडद्यावर नावं वर सरकत होती. त्यांच्यासोबतचं संगीत बरंच मोठं लागलं होतं. मामा उठले आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

"आवाज कमी कर," ते म्हणाले. "पलीकडे जाते."