शुद्ध आबाजी

साकोलीकडच्या एका तेरवीत नातवाने कागदावर लिहून आणलं होतं: 'आबाजी बांधीतलं पानी पाहाले रातच्याले उठत. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडत, मंग त्यालेच तंबाखू देत.' गुरुजींनी कागद तपासला. झाडीबोलीत ण आणि ळ चालत नाहीत, म्हणून कागदावर 'पानी' होतं; आधी त्याचं 'पाणी' झालं. तेवढं ठीक. मग बांधीची 'कृषिभूमी' झाली, भांडण 'अशोभनीय' म्हणून गेलं आणि त्याच्यामागे तंबाखूही. उरले ते 'मितभाषी, अजातशत्रू' कैलासवासी. वर 'दुःखद निधन', जणू सुखदही असतं. वाचताना नातू एकदाही अडखळला नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "हा कोनाबद्दल बोलून रायला बाप्पा?" म्हातारा तोच, धुऱ्यापलीकडचा. हातात चंची होती.