तात्यांना सुधारित कोटेशन

शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेल्या माणसाने फॅब्रिकेशनच्या धंद्यात पडू नये. पडलाच तर कोटेशन दुसऱ्याकडून लिहून घ्यावं. मी दोन्ही पथ्यं पाळली नाहीत. नागापूरच्या एमआयडीसीत माझ्याइतकं चांगलं मराठी पत्र कुणी लिहीत नाही असा माझा समज आहे, आणि तो खरा आहे की नाही हे ठरवायला तिथे दुसरं कुणी पत्रच लिहीत नाही. बाकीचे लोक व्हॉट्सॲपवर आकडा टाकतात आणि पुढे हात जोडल्याचं चित्र.

राहुरीकडच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याचं काम होतं. नाव सांगत नाही, तात्या म्हणू. मुक्त संचार गोठ्यावर साठ बाय तीसची शेड, म्हणजे 1800 चौरस फूट. अडीचशे रुपये फुटाने साडेचार लाख, जीएसटी वेगळा. कॉलमची उंची बारा फूट, रंगीत पत्रा, बाजूने जाळी. कोटेशन मी मनापासून लिहिलं होतं. तात्यांनी शेवटचा आकडा पाहून घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

कॉलम उभे राहिले, सात कैच्यांपैकी चार जोडून तयार झाल्या, आणि तात्या एका लग्नाला गेले. लग्नात माणसं जेवतात, आहेर करतात आणि दुसऱ्याची शेड बघून येतात. तात्या परत आले ते तीन विचार घेऊन. उंची तीन फूट वाढवायची, म्हणजे मुरघासाची ट्रॉली थेट आत जाईल. दक्षिणेच्या उतारावर सोलर बसवायचं. आणि जाळी नको, वारा अडतो.

"मालक, काय लागतंय त्याला? चौदा कॉलम, तीन-तीन फूट. बेचाळीस फूट पाईप झाला. त्याचे पैसे घ्या की!"

हिशोब बिनचूक होता. तोंडी हिशोबात तात्यांना हरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बेचाळीस फूट पाईपचे त्या दिवशीच्या भावाने दहा हजारांच्या आसपास झाले असते. पण कॉलम बारा फुटांचा असताना वाऱ्याचा जो जोर त्याच्या बुडाशी येतो, तो पंधरा फुटांना बराच वाढतो. बेसप्लेट आणि खालचं काँक्रीट बारा फुटांच्या हिशोबाने झालेलं. म्हणजे वर पाईप जोडायचा तर खाली बुडाला काँक्रीटचा वेढा द्यायचा, जोडाच्या जागी चारी बाजूंनी पट्ट्या मारायच्या आणि ओळंबा परत धरायचा. पाईप दहा हजारांचा, त्याच्या मागची ही वरात बत्तीस हजारांची. ही वरात डोळ्यांना दिसत नाही. पाईप दिसतो. वाढीव कामाची सगळी भांडणं या दिसण्या-न दिसण्यातून होतात, आणि म्हणूनच पत्र लिहावं लागतं.

पत्र लिहायला बसलो तेव्हा मी फार खुशीत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. विषय माझ्या उंचीचा होता. पहिल्या खर्ड्यात मी एक अख्खा परिच्छेद फराहबागेवर लिहिला. आता ज्यांनी नगरची फराहबाग पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आणि ज्यांनी पाहिली असेल त्यांनाही सांगणार आहे. तळ्याच्या मधोमध बांधलेला हा निजामशाही महाल. मुर्तजा निजामशाहाच्या काळात तो एकदा बांधून झाला होता. राजेसाहेब बघायला आले आणि त्यांना तो आवडला नाही. पाडायला लावला! मग परत बांधायला घेतला आणि 1583 मध्ये पुरा झाला.

मला त्या पहिल्या बांधणाऱ्याची फार काळजी वाटते. त्याचं पहिलं बिल निघालं का? पाडकामाची मजुरी कुणाच्या खात्यावर पडली? दगड परत वापरले असतील तर त्याची वजावट कुणी धरली? इतिहासकारांनी घुमट मोजले, कमानी मोजल्या, पण हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. लिहून घेतलं नसणार. राजाकडून वाढीव कामाची सही कोण मागणार? आणि तोंडी भरवशावर काम केलं की काय होतं हे नगर जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीही सगळ्यांना माहीत असणार. महाल उभा आहे, ठेकेदाराचं येणं बाकी आहे.

एवढं लिहून मी बायकोला वाचून दाखवलं. आमच्या वर्कशॉपचे हिशोब तीच बघते.

"अहो, तात्यांना पाठवायचंय ना हे?"

"हो."

"मग निजामशाह कशाला आला गोठ्यात?"

फराहबाग गेली. पुढे 1872 च्या भारतीय करार कायद्यावर मी दोन सुरेख वाक्यं लिहिली होती: दोघांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार आणता येतो ते कलम 62, आणि फुकट करायचा हेतू नसताना एखाद्यासाठी केलेल्या कामाचा त्याने फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो ते कलम 70. तीही गेली. कायदा खोटा म्हणून नाही. ग्राहकाला पहिल्याच पत्रात कलम दाखवलं तर तो दुसरं पत्र वकिलाकडून पाठवतो म्हणून. पॅडवर छापलेलं 'अहमदनगर' मात्र बायकोने पेनाने खोडून वर 'अहिल्यानगर' केलं. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्याकडे छापील पॅडचे गठ्ठे शिल्लक होते, आणि ते संपेपर्यंत नवे छापायचे नाहीत हे तिचं धोरण आहे.

राहिलं ते दीड पान. आधी मूळ कोटेशनची तारीख आणि रक्कम, नंतर त्या दिवसापर्यंत जागेवर काय झालंय ते: कॉलम चौदा उभे, कैच्या चार तयार. हे आधी लिहायचं आणि फोटोही जोडायचे, कारण बदल कुठल्या टप्प्यावर सांगितला यावरच पुढचे आकडे उभे असतात. हाच बदल कॉलम रोवायच्या आधी सांगितला असता तर तात्यांना बत्तीस हजारांतले फार थोडे पडले असते.

मग वजावट. ती वाढीच्या वर लिहायची. ग्राहकाची नजर पहिल्यांदा कमी झालेल्या पैशांवर पडावी, हे माझं साहित्यिक तंत्र आहे असं मी समजतो. बायको त्याला धंदा म्हणते. जाळी मूळ कोटेशनमध्ये चाळीस हजारांची होती. पण जाळीच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या आणि दुकानदार परत घेताना दहा टक्के कापणार होता. म्हणून वजा छत्तीस हजार, आणि चार कुठे गेले तेही त्याच ओळीत. ते चार हजार न सांगता गिळले तर ग्राहक पुढचा प्रत्येक आकडा संशयाने वाचतो.

उंचीचे बेचाळीस हजार: पाईप दहा, बाकी बत्तीस, काम नावानिशी. राहिलं सोलर. इथे तात्यांचं म्हणणं होतं की काचा त्या काय, वजन किती असणार. तात्यांनी घ्यायचं ठरवलेल्या मापाचं एक पॅनेल साधारण अठ्ठावीस किलोचं. दहा किलोवॅटला अठरा-एकोणीस पॅनेल, म्हणजे पाचशे किलोच्या वर, शिवाय त्याखालची पट्टी. तेवढं वजन शेड झेलेल एक वेळ. खरा धोका वजनाचा नाहीच, उचलण्याचा आहे. गोठा चारी बाजूंनी मोकळा, त्यात जाळीही काढलेली. वळवाच्या वाऱ्याची झडप आत शिरते आणि पत्र्याला खालून वर ढकलते. मे महिन्यात आपल्याकडे पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. पॅनेलचे क्लॅम्प नुसत्या पत्र्याला धरले तर वारा पत्र्यासकट सोलर घेऊन जाईल. म्हणून दक्षिणेच्या उतारावर पर्लिन जाड आणि कमी अंतरावर लागतात, क्लॅम्प थेट पर्लिनला. सेहेचाळीस हजार. सोलरवाला त्याच्या कोटेशनमध्ये 'शेड सुस्थितीत असावी' एवढीच ओळ लिहितो आणि मोकळा होतो. त्या एका ओळीची किंमत मला लिहावी लागते.

साडेचार लाखांतून छत्तीस गेले, अठ्ठ्याऐंशी आले. 5,02,000. त्यावर अठरा टक्के जीएसटी 90,360. एकूण 5,92,360. आधी सगळं धरून 5,31,000 होते, म्हणजे वाढ 61,360. ही वाढीची ओळ स्वतंत्र आणि ठळक द्यायची. ती आपण लपवली तर ग्राहक स्वतः काढतो, आणि चिडून काढतो. खाली: काम बारा दिवस पुढे जाईल, लोखंडाच्या भावामुळे हा दर सात दिवस धरला जाईल, बाकी अटी मूळ कोटेशनप्रमाणे, सही झाल्यावर काम पुढे सुरू.

काम थांबवलं याचा तात्यांना राग आला. मलाही या बाबतीत हसू येत नाही. सही होईपर्यंत पोरं बसून होती आणि त्यांचा रोज चालू होता. तो रोज पत्रात कुठल्याच ओळीत नाही, माझ्या खिशात आहे. आणि पैशाचंही सोडा. तयार चार कैच्यांवर जुन्या अंतराने पर्लिनचे टेकू जोडलेले होते. ते काढून नव्या अंतरावर बसवायचे. ज्या वेल्डरने ते जोडले त्यालाच ग्राइंडर हातात घेऊन ते कापायचे होते. त्याने आधी त्या जोडावर अंगठा फिरवला. सरळ, एकसारखा, कुठे फुगा नाही. मग चष्मा लावला आणि कापायला लागला. मला म्हणाला, "चांगला बसला होता ओ." मोबदला त्याला दोन्ही वेळचा मिळाला, जोडल्याचा आणि तोडल्याचा. तरी त्या दिवशी तो जेवताना बोलला नाही. बदल सांगणाऱ्या माणसाला हे कुठल्या ओळीत लिहून पाठवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही, आणि सुचलं असतं तरी बायकोने खोडलं असतं.

तात्यांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं भाषेवर काही बोलतील.

"वरचे दोन हजार तीनशे साठ सोडा."

"तात्या, त्यात सरकारचा जीएसटी आहे. तो मी कसा सोडणार?"

"मग तुमच्यातले सोडा."

शेवटी दोन हजार सुटले, माझ्यातलेच. त्यावरचा जीएसटीही तेवढा कमी झाला आणि 5,90,000 वर सही पडली, तारखेसकट, दोन्ही प्रतींवर. नुसता 'ठीक आहे' असा मेसेज मी घेतला नाही. आता ट्रॉली आत जाते, वळीव होऊन गेला आणि पत्रा जागेवर आहे.

कुणाला सुधारित कोटेशन लिहून हवं असेल तर कळवावं. दीड पान मिळेल. निजामशाहीचा परिच्छेद हवा असल्यास तो वाढीव काम धरला जाईल आणि त्याची सही आधी लागेल.